लग्नाची मोबाइलवरची पत्रिका : पाहुणा वेळेत आणि नेमक्या दारात पोचेल अशी

छापील पत्रिका देवापुढे ठेवायला आणि मानाच्या घरी द्यायला असते. पाहुणा प्रवासात उघडतो ती मोबाइलवरची पत्रिका. आपल्या बेळगावच्या सीमाभागात तिच्यावर भार जास्त पडतो, कारण निम्मे वऱ्हाड कोल्हापूर-पुण्याहून येते, काही गोव्याहून घाट चढून, आणि या मंडळींना वाटेतल्या बसच्या कन्नड पाट्या वाचता येत नाहीत. म्हणून सरकवत बघायच्या पाच-सहा चित्रांची पत्रिका कशी करायची ते एका उदाहरणावरून पाहू.

समजा मुलगी खानापूर तालुक्यातल्या नंदगडची आहे आणि मुलगा कोल्हापूरचा. हळद मुलीच्या दारात मांडवात, लग्न खानापुरातल्या मंगल कार्यालयात. महिना मे, अक्षता दुपारी 12 वाजून 35 मिनिटांनी.

आकार आधी ठरवा. 1080 बाय 1350 पिक्सेलचे उभे चित्र इन्स्टाग्रामवरही बसते आणि व्हॉट्सअ‍ॅपवरही नीट दिसते. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. छापखान्यातून आलेला मजकूर जुन्या फॉन्टमध्ये असेल तर चिकटवल्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, तो सरळ नव्याने टाइप करावा. जोडाक्षरे फुटली आहेत का, हे ‘श्री’, ‘ज्येष्ठ’ आणि आडनावे वाचून तपासा.

पहिल्या चित्रावर गणपती, दोन्ही नावे, वार-तारीख, कार्यालय आणि गाव. बस्स. निमंत्रकांची, मामा-काकांची लांबलचक यादी छापील पत्रिकेत शोभते. इथे ती घातली की तारीख बारीक होते.

दुसरे चित्र कार्यक्रमाच्या क्रमाचे. देवक घरच्यांपुरते असते, ते इथे घालू नका, नाहीतर चार घरे उगाच सकाळपासून येऊन बसतील. पाहुण्याला लागेल तेवढेच लिहा. आदल्या दिवशी संध्याकाळी 6 वाजता हळद, नंदगड. लग्नादिवशी 9.30 ला वऱ्हाडाचे आगमन आणि सीमांत पूजन, 10.30 ला साखरपुडा, 12.35 ला अक्षता, लगेच जेवण, 4 वाजता पाठवणी. यातली अक्षतांची ओळ सगळ्यांत ठळक असू द्या. बहुतेक पाहुणे तेवढ्यासाठीच धावत येतात आणि अक्षता टाकून थेट पंगतीकडे वळतात. कन्यादान, सप्तपदी त्यानंतर चालू असते आणि तिथे घरचीच माणसे उरतात. म्हणून ‘जेवण 12.45 ते 3’ असे स्पष्ट लिहिलेले बरे. लोक लवकर यावेत म्हणून मुहूर्त अर्धा तास अलीकडे दाखवायची युक्ती करू नका. एकदा कळले की तुमच्या घरच्या पुढच्या कार्याला कोणी वेळ खरी धरत नाही.

खरे काम आहे ते वाटेच्या चित्रांत. ‘गुगल मॅपवर टाका’ म्हणून भागत नाही. खानापूर सांगली जिल्ह्यातही आहे, आणि कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाने नुसते ‘खानापूर’ टाइप केले तर मॅप त्याला विट्याच्या बाजूला धाडू शकतो. तेव्हा प्रत्येक चित्रावर ‘खानापूर, जि. बेळगाव’ एवढे पूर्ण लिहाच. बेळगाव शहरातल्या कार्यालयांनाही हे लागू आहे : शहापूर आणि वडगाव या नावांची गावे महाराष्ट्रातही आहेत.

वाट दिशेप्रमाणे तोडा, एका चित्रावर एकच दिशा. कोल्हापूरकडून येणाऱ्यासाठी असे लिहा : निपाणी, संकेश्वरवरून बेळगाव, शहरातून तिसऱ्या रेल्वे गेटच्या बाजूने खानापूर रोड, मग उद्यमबाग, पिरनवाडी, मच्छे, पुढे सरळ खानापूर. इथे एक जागा फसवी आहे. पिरनवाडीला उजवीकडे जांबोटीचा रस्ता फुटतो, तोही गोव्याकडेच जातो. ‘पिरनवाडीला उजवीकडे वळू नका’ ही ओळ वेगळ्या रंगात हवी. कोल्हापूर ते बेळगाव साधारण 110 किलोमीटर, तिथून खानापूर आणखी 25 च्या आसपास. चहा-नाश्ता आणि शहरातली गर्दी धरून साडेतीन तास ठेवले तर अक्षतांसाठी 8.30 ला निघा, असे थेट लिहिता येते. पाहुण्याला किलोमीटरपेक्षा हेच वाक्य हवे असते.

गोव्याकडून येणाऱ्यांचे चित्र वेगळे. चोर्ला घाटाने येणाऱ्याने कणकुंबीवरून जांबोटीपर्यंत यावे आणि तिथून बेळगावला न जाता खानापूरचा फाटा धरावा. अनमोड घाटाने येणारा रामनगर, लोंढ्यावरून सरळ खानापुरात येतो. दोन्हीकडे जंगल आहे, रेंज जाते, म्हणून चित्र आधीच मोबाइलमध्ये उतरवून ठेवायला सांगा. रेल्वेने येणाऱ्यांना एकच सूचना पुरे : खानापूरला स्टेशन आहे, पण प्रत्येक गाडी थांबत नाही, तिकीट काढताना थांबा बघा, नाहीतर बेळगावला उतरा. बसने येणाऱ्यांसाठी ‘खानापूर’ कन्नडमध्ये कसे दिसते त्या पाटीचा फोटो कोपऱ्यात लावा. आणि आत्याला सांगून ठेवा की कर्नाटकच्या बसमधला मोफत प्रवास इथल्या महिलांनाच आहे, कोल्हापूरच्या आधार कार्डावर तिकीट काढावेच लागते.

पिन स्वतः कार्यालयाच्या फाटकात उभे राहून टाका. मॅपवर कार्यालयाचे नाव शोधून मिळालेली खूण कधी मागच्या गल्लीत असते, आणि मग चारचाकी तिथेच अडकते. हळदीचे घर आणि कार्यालय यांत दहा-बारा किलोमीटरचे अंतर आहे, तेव्हा दोन पिना, दोन नावांनी : ‘हळद – नंदगड’ आणि ‘लग्न – खानापूर’. लिंक चित्रात छापून उपयोग नाही, ती दाबता येत नाही. क्यूआर कोडचाही फारसा उपयोग नाही, ज्या मोबाइलमध्ये तो दिसतो त्याच मोबाइलने तो स्कॅन करणे सगळ्यांना जमत नाही. दोन्ही लिंका चित्रांखालच्या मजकुरात लिहा आणि दुसऱ्या कोणाच्या मोबाइलवर उघडून बघा.

पोशाखाचे चित्र छोटे ठेवा. हळदीला पिवळे, पण डाग पडला तरी चालेल असे. अंगणात मांडव आहे आणि मे महिन्यात संध्याकाळी वळीव कोसळू शकतो, म्हणून उंच टाचांऐवजी साध्या चपला आणि सोबत छत्री. लग्नाला बायकांनी शक्य असल्यास काठपदराची साडी, शहापुरी असेल तर उत्तमच. पुरुषांना फेटे कार्यालयात बांधून मिळतील, 11 च्या आत या. ‘ड्रेस कोड’ हा शब्द टाळावा, गावाकडच्या म्हाताऱ्यांना तो हुकूम वाटतो. लग्न डिसेंबरात असेल तर छत्री काढून शाल लिहा.

शेवटच्या चित्रावर दोन फोन नंबर, एक नंदगडच्या घरचा आणि एक कार्यालयात थांबणाऱ्याचा. नवऱ्या मुलीच्या वडिलांचा नंबर देऊ नका, त्या दिवशी ते फोन घेणार नाहीत.

पाठवताना सगळी चित्रे एकदम, एचडी निवडून पाठवा, नाहीतर बारीक अक्षर धूसर होते. पुढे लोक त्यातले एखादेच चित्र दुसऱ्याला ढकलतात, म्हणून प्रत्येकाच्या तळाशी नावे, तारीख, गाव आणि ‘3/6’ असा क्रमांक असलेली पट्टी हवी. वेळ बदलली तर नुसता निरोप टाकू नका, जुनी चित्रे फिरतच राहतात. पट्टीचा रंग बदला, वर ‘सुधारित’ आणि तारीख टाका, आणि पूर्ण संच पुन्हा पाठवा.