जुन्या पितळी नळाच्या दांडीतून पाणी येतंय? फक्त ग्लँड भरून घ्या

गिरगाव-लालबागच्या जुन्या चाळींत मोरीतला अर्ध्या इंची पितळी नळ अजून ठणठणीत असतो. पण सकाळी पाणी आलं की चावीखालून, दांडीच्या कडेने धार लागते. प्लंबर सरळ नवा नळ बसवायला सांगतो. जुन्या गंजलेल्या पाइपातून नळ पिळून काढताना पाइपच तुटू शकतो, म्हणून तो शक्यतो हलवूच नये.

आधी नळ घट्ट बंद करून पाहा. तोंडातून पाणी ठिबकत असेल तर वायसर गेलाय, ते काम वेगळं. तोंड कोरडं, आणि नळ उघडल्यावरच दांडीतून पाणी येत असेल तर दोष ग्लँडच्या भरणात, म्हणजे दांडीभोवतीच्या खाचेत नटाखाली दाबून भरलेल्या सुतात आहे. भरण वायसरच्या वर असतं, त्यामुळे बंद नळात तिथवर पाणी पोचत नाही. तरीही आतला स्टॉप कॉक बंद करावा, किंवा पाणी गेल्यावरच काम काढावं.

दांडीभोवतीचा छोटा नट म्हणजे ग्लँड नट. तो पाव फेरा आवळा. एवढ्यानेही गळती पुष्कळदा थांबते. चावी जड होऊनही पाणी येत राहिलं तर भरण संपलं असं समजा.

आता नळ बंद ठेवूनच चावीचा स्क्रू काढा, चावी उचला आणि ग्लँड नट सोडवा. त्याच्या खालचा मोठा षटकोनी भाग दुसऱ्या पान्याने धरून ठेवा, कारण तो फिरला तर नळाचं डोकंच सुटेल. खाचेतलं काळं, कडक झालेलं सूत दाभणाने उकरून काढा, पण दांडीला ओरखडा पडू देऊ नका. दांडीवरचा क्षार बारीक पॉलिश पेपरने पुसा. बोटाला खोल खड्डे लागले तर नवं भरणही टिकणार नाही. तिथे दांडीच बदलावी लागते.

टेफ्लॉन टेपचा हातभर तुकडा पिळून दोरा करा. नट ज्या दिशेने आवळतो त्याच दिशेने, म्हणजे घड्याळाच्या काट्याप्रमाणे, दांडीभोवती गुंडाळा. उलटा गुंडाळला तर आवळताना सैल होतो. दोन-तीन वेढे झाले की बोथट स्क्रू ड्रायव्हरने खाली दाबायचे, मग पुढचे. खाच जवळजवळ भरली पाहिजे, पण नटाचे दोन-तीन आटे तरी हाताने बसले पाहिजेत. वरून थोडं सिलिकॉन ग्रीस लावलं तर चावी हलकी फिरते.

नट हाताने बसवा, पान्याने पाव फेरा द्या आणि चावी लावा. पाणी आल्यावर नळ पूर्ण उघडून दांडीला कोरडा कागद लावा. ओला झाला तर आणखी अगदी थोडं आवळा, आणि चावी दोन बोटांनी फिरेल तिथे थांबा.

स्टॉप कॉकचंही काम असंच. तो सदा उघडा असल्याने दिवसभर गळतो. मात्र बंद केल्यावर पुढचा नळ उघडून पाइपातलं पाणी आधी जाऊ द्या. तरीही दांडीतून पाणी थांबलं नाही तर कॉक उलटा बसवलेला असू शकतो. मग टाकीवरचा व्हॉल्व्ह बंद केल्याशिवाय नटाला हात लावू नका. पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नव्या नळांत असं सुताचं भरण नसतं, त्यांना हा उपाय चालत नाही.