विमानतळावरील आगमन घोषणापत्राच्या फोटोचा मराठी अनुवाद कसा करावा

परदेशी विमानतळावर पोहोचलेले नातलग रांगेत उभे राहून घोषणापत्राचा फोटो पाठवतात आणि ‘यात काय लिहिले आहे ते मराठीत सांग’ असे म्हणतात. हे काम मी अनेक वर्षे करत आलो आहे. ‘शब्दाला शब्द लावत जा, बाकी आपोआप जमेल’ हा सल्ला त्या काळात मी वारंवार ऐकला आणि तो चुकीचा असल्याचा अनुभव घेतला. नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक यांत फारसे अडत नाही. चूक होते ती ‘होय’ की ‘नाही’ विचारणाऱ्या प्रश्नांत, कारण तिथे अनुवाद जरा सैल झाला की माणूस प्रामाणिकपणे चुकीच्या चौकटीत खूण करतो. उदाहरणासाठी अमेरिकेच्या सीमाशुल्क विभागाचे 6059बी क्रमांकाचे घोषणापत्र घेतो. अनेक प्रवाशांना आता ते कागदावर भरावे लागत नाही, पण अनुवादातील जवळजवळ सगळ्या अडचणी या एका कागदावर सापडतात.

फोटो दोन्ही बाजूंचे आणि चारही कोपरे दिसतील असे मागवावेत. मागची बाजू अनावश्यक समजू नये. पुढच्या बाजूला सहीपाशी ‘मागील महत्त्वाची माहिती मी वाचली आहे आणि खरी माहिती दिली आहे’ अशा अर्थाचे वाक्य असते, त्यामुळे मागचा मजकूर न सांगता सही करायला लावणे योग्य नाही. घडीच्या रेषेत एखादा छोटा शब्द दडलेला दिसला, तर तेवढ्याच भागाचा फोटो पुन्हा मागवावा.

रकान्यांच्या बाबतीत एकच नियम पाळावा. रकान्याचे शीर्षक मराठीत सांगावे आणि आत काय लिहायचे ते पासपोर्टवरून अक्षर न अक्षर उतरवायला सांगावे. जन्मतारखेत महिना आधी आणि दिवस नंतर येतो, हे स्पष्ट सांगावे. पासपोर्ट देणारा देश आणि राहण्याचा देश हे दोन वेगळे रकाने आहेत आणि त्यांची उत्तरेही वेगळी असू शकतात. प्रवासाचा मुख्य हेतू ‘बिझनेस’ आहे का, या प्रश्नात त्या शब्दासाठी ‘धंदा’ लिहू नये. कार्यालयाच्या बैठकीसाठी आलेला नोकरदार ‘माझा कसला धंदा’ म्हणून ‘नाही’वर खूण करतो. ‘कामकाजासाठी’ हा शब्द पुरेसा आहे.

रकान्यांपैकी एकावर मात्र थांबावे लागते. बरोबर प्रवास करणारे कुटुंबीय किती, असे तिथे विचारलेले असते. या फॉर्मवर कुटुंब म्हणजे एकाच घरात राहणारी, रक्ताच्या, विवाहाच्या, सहजीवनाच्या किंवा दत्तकाच्या नात्याने जोडलेली माणसे. मराठीत आपण ‘कुटुंबीय’ म्हणताना वेगळ्या घरात राहणाऱ्या दिरालाही त्यात धरतो. अशा एका कुटुंबाला मिळून एकच घोषणापत्र पुरते, म्हणून हा अर्थ आधी नीट सांगितला नाही, तर पुढच्या सगळ्या प्रश्नांतील ‘आम्ही’ म्हणजे नेमके कोण, हेच चुकते. ‘तुमच्याबरोबर’ याचा अर्थ फॉर्म भरणारी व्यक्ती सोडून, हेही सांगावे.

आता प्रश्नांकडे वळू. इंग्रजीत त्यांतले बहुतेक प्रश्न नसून विधाने असतात. ‘मी (आम्ही) आणत आहे (आहोत)’ असा अर्धवट आरंभ वरच्या ओळीत असतो, त्याखाली वस्तूंच्या चार उपओळी येतात आणि प्रत्येक ओळीसमोर होय आणि नाही यांच्या चौकटी असतात. इंग्रजीत क्रियापद आधी येऊन गेल्याने खालच्या ओळी त्याच्या आधाराने उभ्या राहतात. मराठीत क्रियापद शेवटी येते, म्हणून ओळीला ओळ लावली की खालच्या ओळी नुसत्या याद्या होतात आणि यादीसमोर ‘होय’ लिहिण्याचा अर्थच कळेनासा होतो. माझे मत याबाबत ठाम आहे. वरचा आरंभ प्रत्येक उपओळीत पुन्हा जोडावा, विधानाचा प्रश्न करावा, ‘मी’च्या जागी ‘तुम्ही’ घालावे आणि प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे पूर्ण वाक्य होईल असे पाहावे. मजकूर लांबला तरी चालेल, पण मूळ फॉर्मवरचे क्रमांक आणि उपअक्षरे तशीच ठेवावीत, नाहीतर कोणते वाक्य कोणत्या चौकटीचे हे रांगेत उभ्या माणसाला कळत नाही.

पहिल्या उपओळीत फळे, भाज्या, रोपे, बिया, खाद्यपदार्थ आणि कीटक अशी यादी आहे. ती नुसती स्वल्पविराम देऊन लिहिली, तर वाचणाऱ्याला वाटते की हे सगळे असेल तरच ‘होय’. म्हणून मी असे लिहितो: ‘फळे, भाज्या, रोपे, बिया, खाद्यपदार्थ, कीटक यांपैकी एखादी जरी वस्तू तुमच्याबरोबर आहे का?’ यातले ‘एखादी जरी’ हे शब्द इंग्रजीत नाहीत, पण मराठीत ते नसतील तर प्रश्नाचा अर्थ बदलतो. हे शब्द घालणे म्हणजे पदरचे काही घालणे, असे मानणाऱ्यांशी मी सहमत नाही.

सर्वांत अवघड ओळ याच प्रश्नातली चौथी आहे, आणि तिथे मी स्वतः चुकलो होतो. तिचा शब्दशः आशय असा: ‘माती किंवा शेत, रँच, कुरण येथे गेलो आहोत’. वरचे ‘आणत आहोत’ हे क्रियापद फक्त मातीपुरते लागू होते. ‘किंवा’नंतरच्या भागाला त्याचे स्वतःचे क्रियापद आहे, म्हणजे एकाच चौकटीत दोन निराळे प्रश्न आहेत. माझ्या आत्याने पहिल्यांदा मला फोटो पाठवला, तेव्हा मी घाईत ‘माती किंवा शेतातील वस्तू आणत आहात का’ असे लिहून दिले. आत्या आणि आतोबा निघण्यापूर्वी दोन दिवस शेतावर होते, पण सामानात शेतातले काहीच नव्हते. त्यांनी माझ्या प्रश्नाचे अगदी खरे उत्तर दिले आणि ‘नाही’वर खूण केली. काउंटरवर अधिकाऱ्याने तोच प्रश्न तोंडी, सरळ विचारला, आतोबा ‘हो, गेलो होतो’ म्हणाले आणि कागदाशी त्यांचे बोलणे जुळेना. तिथेच दुरुस्ती झाली आणि बूट तपासून त्यांना सोडले, पण त्या काही मिनिटांत आत्यावर जो ताण आला त्याचे कारण माझे एक वाक्य होते. तेव्हापासून मी ती ओळ फोडून लिहितो: ‘तुमच्याबरोबर माती आहे का? किंवा तुम्ही शेतावर, जनावरांच्या फार्मवर अथवा चराऊ कुरणात जाऊन आला आहात का? दोहोंपैकी एक जरी खरे असेल, तरी उत्तर होय.’

लगेच पुढचा प्रश्न ‘लाइव्हस्टॉक’च्या निकट सहवासाचा आहे, म्हणजे त्यांना हात लावणे, हाताळणे वगैरे. त्याला ‘पाळीव प्राणी’ म्हणू नये, कारण मग घरी कुत्रा असलेला प्रत्येक जण विनाकारण ‘होय’ लिहील. ‘गुरे, शेळ्या, मेंढ्या यांसारखे पशुधन’ असे लिहावे.

पैशांच्या प्रश्नात आकड्याइतकाच त्याच्या शेजारचा शब्द महत्त्वाचा असतो. अमेरिकेच्या फॉर्मवर 10,000 डॉलरपेक्षा जास्त असे आहे, तर ऑस्ट्रेलियाच्या प्रवासी कार्डावर 10,000 ऑस्ट्रेलियन डॉलर किंवा त्याहून अधिक असे आहे. बरोबर दहा हजार असतील, तर पहिल्या ठिकाणी उत्तर नाही आणि दुसऱ्या ठिकाणी होय येते. ‘दहा हजारांच्या वर’ असे मोघम लिहिले की हा फरक नाहीसा होतो. शिवाय ‘चलन’ म्हटले की माणूस फक्त नोटा मोजतो. प्रवासी धनादेशही यात येतात, म्हणून ‘रोख रक्कम, प्रवासी धनादेश आणि तत्सम साधने, कोणत्याही देशाच्या चलनात’ असे लिहावे. एका फॉर्मवरच्या कुटुंबाची रक्कम एकत्र मोजायची असते, म्हणून आत्याकडे 4,500 आणि आतोबांकडे 6,000 डॉलर असतील, तर एकेकट्याने मर्यादा न ओलांडताही बेरीज 10,500 होते आणि उत्तर होय. इतकी रक्कम नेणे हा गुन्हा नाही, मात्र ती जाहीर करून वेगळा फॉर्म भरावा लागतो. हे अनुवादाखाली एका ओळीत जरूर लिहावे, कारण ‘होय’ म्हणजे कबुलीजबाब असे वाटून माणसे नाहक घाबरतात.

वस्तूंच्या एकूण किमतीचा शेवटचा प्रश्न दोन ओळींत आहे. पहिली ओळ तिथल्या रहिवाशांसाठी आणि दुसरी पाहुण्यांसाठी असते. पाहुण्यांना त्या देशात मागे राहणाऱ्या वस्तूंची किंमत विचारलेली असते. आत्याने नातीसाठी नेलेली 150 डॉलरची भेट मोजायची, पण परत आणायचे कपडे आणि कॅमेरा मोजायचा नाही. मी दोन्ही ओळी अनुवादित करतो, पण पाठवताना जी लागू नाही तिच्यासमोर ‘ही तुमच्यासाठी नाही’ असे लिहितो.

आणखी एक सक्त सूचना अशी की प्रश्न कधीही नकारार्थी करू नये. ‘तुमच्याकडे जाहीर करण्यासारखे काही नाही ना?’ हे मराठीत फार सहज वाटते, पण त्याला दिलेल्या ‘हो’चा अर्थ ‘हो, काही नाही’ असा होतो आणि खूण नेमकी उलट्या चौकटीत पडते. फॉर्मवर होकारार्थी असलेला प्रश्न मराठीतही होकारार्थीच राहिला पाहिजे. त्याचबरोबर ‘होय’ हा शब्द चौकटीच्या आधी छापला आहे की नंतर, हे फोटोत पाहून सांगावे, कारण एका ओळीत शब्द, चौकट, शब्द, चौकट असा क्रम असला की मधली चौकट कोणाची हे वयस्कर माणसाला पटकन उमगत नाही.

खुणा झाल्यावर, पण सहीपूर्वी, भरलेल्या पानाचा फोटो परत मागवावा. मग प्रत्येक खुणेचे पूर्ण वाक्य करून फोनवर वाचून दाखवावे: ‘होय, आम्ही शेतावर जाऊन आलो आहोत. नाही, आम्हा दोघांचे मिळून दहा हजार डॉलरपेक्षा जास्त पैसे बरोबर नाहीत.’ ऐकणारा अडखळला किंवा ‘थांब, ते तसे नाही’ म्हणाला, तर खोडाखोड न करता नवा कोरा फॉर्म मागून घ्यायला सांगावे आणि तोच प्रश्न पुन्हा, अधिक सोप्या वाक्यात लिहून पाठवावा.