संत्र्याच्या बागेचं काम दुसऱ्या फिटरकडे सोपवण्याआधी

माझं काम हिंगणघाटच्या बाजूला कपाशीच्या ठिबकाचं. नोव्हेंबर संपत आला की वरूड-मोर्शीकडून एखादा फोन हमखास येतो. "भाऊ, पाच एकर संत्रा हाय, तुम्हीच ठिबक बसवून द्या." पाहुण्यांच्या शेतात आपलं काम पाहिलेलं असतं, म्हणून भरवसा. पण कपाशीत इनलाइन नळी ओळीने अंथरली की काम होतं, बागेत तसं होत नाही. झाडाच्या दोन्ही बाजूंनी नळ्या खोडापासून लांब टाकाव्या लागतात आणि झाडाचा घेर वाढेल तशा बाहेर सरकवाव्या लागतात. खोड सतत ओलं राहिलं तर मूळकूज आणि डिंक्या येतो, आणि तो नुकसानीचा डाग आठ वर्षांच्या झाडावर पडतो. मी असं काम घेत नाही, वरूडकडच्या एका मित्राकडे देतो. देण्याआधी जे जे करतो ते इथे लिहितो.

आधी त्याच फोनवर दहा मिनिटं माहिती घ्यायची. झाडं किती वर्षांची, अंतर किती, जमीन भारी की हलकी, विहीर की बोअर, वीज दिवसाची की रात्रीची. पाणी किती हे विचारलं की उत्तर येतं, "मोटर पाच एचपीची हाय." त्यावरून काहीच कळत नाही. म्हणून दोनशे लिटरचा ड्रम पाइपाखाली ठेवून भरायला किती सेकंद लागतात ते मोबाइलच्या घड्याळावर बघायला सांगायचं. मागच्या वेळी ४५ सेकंद आले, म्हणजे तासाला १६ हजार लिटर. झाडं वीस बाय वीस फुटांवर, एकरी साधारण १०९, पाच एकरांत ५४५. झाडाला ताशी आठ लिटरच्या चार तोट्या धरल्या तर तासाला १७ हजार ४४० लिटर लागतात. बाग एका दमात भिजणार नाही, दोन व्हॉल्व करावे लागतील. एवढं हाती असलं की मित्राची एक चक्कर वाचते.

अनुदानाचं नक्की विचारायचं. महाडीबीटीवर अर्ज केलाय का, पूर्वसंमती आली का? पूर्वसंमतीच्या आधी सामान घेऊन बिल फाडलं तर अनुदान हातचं जातं. शेतकरी घाईत असतो, "सामान तर पाठवा" म्हणतो. तिथे थांबवायचं काम आपलंच, मग काम कोणीही करो.

मग शेतकऱ्याला त्याच दिवशी स्पष्ट सांगायचं, "दादा, बागेतलं मले जमत नाही, चुकलं तर झाड जाईल. माझा एक माणूस आहे, त्याला तुमचा नंबर देऊ का?" हो म्हटल्यावरच नंबर द्यायचा. नावं तीन-चार सांगायची नाहीत, त्यात शेतकरी गोंधळतो आणि प्रत्येकाकडून कोटेशन मागत महिना घालवतो.

माझी चूक इथेच झाली होती. एकदा मित्राला न विचारताच त्याचा नंबर देऊन मोकळा झालो. तो घरच्या लग्नात होता. शेतकऱ्याने आंबिया बहारासाठी डिसेंबरात पाणी तोडलेलं, नळ्या बसल्या की पाणी सोडून ताण तोडायचा असं ठरलेलं. वीस दिवस तो वाट पाहत बसला, ताण लांबला, पानगळ प्रमाणाबाहेर झाली. तेव्हापासून आधी मित्राला फोन करतो आणि तीनच गोष्टी विचारतो: जानेवारीच्या मध्याआधी काम उरकेल का, त्या गावाला जाशील का, आणि जमणार नसेल तर दुसरं कोण. "पाहतो" असं उत्तर आलं तर मी ते नाही समजतो.

तो हो म्हणाला की सगळी माहिती व्हॉट्सॲपवर एकाच मेसेजमध्ये लिहून पाठवायची, ड्रमच्या सेकंदांसकट. ताण कधी सुरू केला ती तारीख सर्वांत वर. आपण काय बोललो नाही तेही लिहायचं: "भाव मी सांगितलेला नाही, मोजणी तूच कर." आपण अंदाजाने एकरी आकडा बोलून गेलो तर शेतकरी तोच धरून बसतो आणि मित्र अडचणीत येतो.

काम दिल्याबद्दलच्या टक्क्याचं आधीच ठरवून टाकायचं. मी घेत नाही. कोणी घेत असेल तर शेतकऱ्याला सांगून घ्यावं, कारण गावात ते कळतंच, आणि मग मित्राने लावलेला रास्त भावही फुगवलेला वाटतो.

तीन दिवसांनी शेतकऱ्याला एक फोन करायचा: माणूस येऊन मोजून गेला का? गेला नसेल तर मित्राला विचारून त्याच संध्याकाळी दुसरं नाव द्यायचं. गेला असेल तर मधे पडायचं नाही, नळी कुठली, तोटी कुठली हे आता त्या दोघांचं. पुढचा फोन ताण तोडल्यावर, पहिलं पाणी सोडल्याच्या दुसऱ्या दिवशी. तेव्हा एवढंच विचारतो, "दादा, खोडाजवळची माती कोरडी आहे ना?"