ग्रोथ हॉर्मोन आणि डोप टेस्ट : या चुका टाळा

खेळाडूंवर उपचार करताना काही वाक्यं मी इतक्या वेळा ऐकली आहेत की समोरचा बोलायच्या आधीच ती मला पाठ असतात. त्यातलं पहिलं वाक्य म्हणजे, "सर, रिपोर्ट नॉर्मल आलाय."

सातारा जिल्ह्यातला चारशे मीटर धावणारा एक मुलगा असाच आला होता. जिममधल्या कुणीतरी त्याला ग्रोथ हॉर्मोन टोचायला शिकवलं होतं. शेवटच्या इंजेक्शननंतर तिसऱ्या दिवशी त्याने खासगी लॅबमध्ये रक्त दिलं आणि आकडा मर्यादेत आल्यावर निश्चिंत झाला. मी त्याच्याच रिपोर्टच्या मागे एक आलेख काढला. पियुषिका ग्रंथी हे हॉर्मोन दिवसभर सारखं सोडत नाही, ते झटक्याझटक्याने येतं. गाढ झोपेत आणि दमवणाऱ्या सरावानंतर शिखर गाठतं, मधल्या वेळात जवळपास शून्यावर असतं. मग एका वेळच्या आकड्यावरून काय कळणार? स्वच्छ खेळाडूचा आकडाही सरावानंतर चढतो, आणि टोचलेलं हॉर्मोन रक्तातून काही तासांत ओसरतं.

म्हणूनच डोपिंगची लॅब नुसतं प्रमाण मोजून थांबत नाही, गुणोत्तर काढते. आपली ग्रंथी या हॉर्मोनची अनेक रूपं सोडते. रेणूचं वजन डाल्टनमध्ये मोजतात; मुख्य रूप २२ हजार डाल्टनचं, सोबत २० हजारांचं आणि इतरही. व्हायलमध्ये मात्र फक्त २२ हजारांचं असतं. ते बाहेरून भरलं की ग्रंथी स्वतःचं काम कमी करते, बाकीची रूपं घटतात आणि तोल एका बाजूला झुकतो. तो तोल दोन वेगवेगळ्या किटवर तपासतात. ही चाचणी २००४च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये आली. तिच्यात पहिला सापडला तो ब्रिटिश रग्बी लीग खेळाडू टेरी न्यूटन. स्पर्धा नसताना, नोव्हेंबर २००९मध्ये घेतलेल्या रक्तावरून.

दुसरं वाक्य याहून जास्त चीड आणतं : "दोन दिवस थांबलं की झालं." गुणोत्तरात सापडायची खिडकी लहान आहे, हे खरं. पण घाई झालेली मुलं अर्धीच माहिती घेऊन येतात. हॉर्मोन गेलं तरी त्याचे परिणाम मागे राहतात : यकृतातून येणारं आयजीएफ-१ आणि कोलॅजन तयार होताना सुटणारा पी-थ्री-एनपी हा तुकडा. दोन्ही कित्येक दिवस चढलेले असतात. वय आणि लिंग लक्षात घेऊन त्यांचा एक गुणांक काढतात. लंडनच्या २०१२ पॅरालिम्पिकमध्ये दोन रशियन पॉवरलिफ्टर याच पद्धतीने पकडले गेले. २०२३पासून हे दोन घटक खेळाडूच्या जैविक पासपोर्टमध्येही आले, म्हणजे तुमची तुलना आता तुमच्याच जुन्या नमुन्यांशी होते.

"पण ती गुणोत्तराची चाचणी तर कोर्टात पडली ना?" हा प्रश्न विचारणाऱ्यांनी निकाल वाचलेलाच नसतो. एस्टोनियाचा स्कीपटू आंद्रुस वीरपालू २०११मध्ये पॉझिटिव्ह आला. मार्च २०१३मध्ये क्रीडा लवादाने त्याची बंदी उठवली, कारण वाडा या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने ठरवलेल्या चाचणीच्या मर्यादेमागचं संख्याशास्त्र आंतरराष्ट्रीय स्की महासंघाला लवादासमोर नीट सिद्ध करता आलं नाही. चाचणीमागचं शास्त्र लवादाने नाकारलं नाही. उलट वीरपालूने हॉर्मोन घेतल्याचं अनेक गोष्टी सुचवतात, असंही निकालातच नोंदवलं. ती चूक वाडाची होती आणि ती दाखवून दिली गेली हे चांगलंच झालं, निर्दोष खेळाडूसाठी मर्यादा पक्की हवीच. पण त्याच लवादाने २०१४मध्ये जर्मन सायकलपटू पॅट्रिक झिंकेवित्झला याच चाचणीवर आठ वर्षांची बंदी दिली. ती त्याची दुसरी चूक होती.

बाकीच्या चुका थोडक्यात. "लघवी स्वच्छ आली" म्हणू नका, या दोन्ही चाचण्या रक्ताच्या आहेत. "इंजेक्शन नाही, पेप्टाइड आहे" किंवा "गोळी आहे" म्हणूनही सुटका नाही. आयपामोरेलिन, इब्युटामोरेन ही ग्रंथीलाच जास्त हॉर्मोन सोडायला लावणारी द्रव्यं. त्यांच्यावरही स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेर बंदी आहे आणि ती लघवीत थेट सापडतात. बाजारातल्या बनावट व्हायलमध्ये कधी एचसीजी हे गरोदरपणातलं हॉर्मोन निघतं, पुरुष खेळाडूला तेही वर्ज्य.

आणि हे सगळं कशासाठी, तर "मसल वाढले" म्हणून. हौशी खेळाडूंवर आठ आठवडे केलेल्या एका अभ्यासात अंगावर आलेल्या त्या वजनात बराच भाग पेशींबाहेर साठलेल्या पाण्याचा होता. स्प्रिंटच्या क्षमतेत किंचित फरक पडला, ताकदीत नाही. साताऱ्याच्या त्या मुलाची अंगठी घट्ट झाली होती, सकाळी बोटांना मुंग्या येत होत्या. त्याला ती प्रगती वाटत होती. मी त्याचा हात टेबलावर ठेवून घेतला आणि बोटावर अंगठीचा वळ उमटला होता तो त्याला दाखवला. तेव्हापासून मी रिपोर्ट बघायच्या आधी हात बघतो आणि व्हायल खिशातून बाहेर काढून टेबलावर ठेवायला सांगतो.