खोकला थांबला की गोळ्या थांबतात: तेव्हा आशाताईंनी मेसेज कसा लिहावा

साध्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. गोळ्या सुटतात त्या अनेकदा बरं वाटायला लागल्यावर. खोकला गेलेला असतो, जेवण जातं, माणूस कामावर लागतो. पण औषधाने आधी झपाट्याने वाढणारे जंतू मरतात. सुस्त पडलेले थोडे मागे उरतात, आणि त्यांच्यासाठीच पुढचे महिने असतात. मध्येच सोडलं तर आजार उलटतो, कधीकधी त्याच औषधांना दाद न देणारा होऊन.

समजा, ४४ किलो वजनाचे एक दादा आहेत, बांधकामावर जाणारे. या वजनाला रोज तीन गोळ्या. पट्टीत हिशेबापेक्षा १५ गोळ्या जास्त उरल्या, म्हणजे पाच दिवस चुकले.

लिहिण्याआधी फोन कोणाकडे असतो ते बघा. बऱ्याच घरांत एकच मोबाईल असतो आणि तो मुलांच्या हातात. म्हणून मेसेजमध्ये आजाराचं नाव नको. ते आपण पेशंटच्या परवानगीशिवाय कुणालाच सांगायचं नसतं.

मग असं विचारा, की खरं उत्तर देणं सोपं जाईल. ‘गोळ्या घेता ना?’ म्हटलं की ‘हो ताई’ येतं आणि विषय संपतो. त्यापेक्षा असं लिहा:

‘दादा, नमस्कार. आशाताई बोलतेय. तब्येत सुधारली हे बघून बरं वाटलं. पट्टीत आज किती गोळ्या उरल्यात, फोटो पाठवाल का? राहिल्या असतील तर रागावणार नाही. राहिलेल्या एकदम घेऊ नका, आजच्या तीनच घ्या. कशामुळे राहिल्या तेवढं सांगा, मार्ग काढू.’

शेवटच्या वाक्याचं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं. या दादांचं उत्तर आलं: सहाला निघतो, उपाशीपोटी घेतल्या की मळमळतं. अशा वेळी थोडं खाऊन किंवा रात्री घेतल्या तर चालतील का, हे डॉक्टरांना विचारून त्याच दिवशी कळवा. ‘नियमित घ्या’ एवढंच परत लिहिलंत, तर दादा पुढच्या वेळी खरं सांगणार नाहीत. लघवी केशरी होते म्हणून कोणी घाबरलं असेल, तर तो औषधाचाच रंग आहे, काळजी नको म्हणून सांगा. मात्र डोळे पिवळे दिसणं, नजर धूसर होणं, उलट्या न थांबणं यातलं काही असेल तर मेसेजवर समजूत घालत बसू नका. पुढची गोळी घेण्याआधी, त्याच दिवशी त्यांना दवाखान्यात न्या. औषध थांबवायचं की बदलायचं ते डॉक्टर ठरवतील.

पाच दिवस चुकले ही नोंद उपचार कार्डावर करा आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांनाही कळवा.

संध्याकाळपर्यंत उत्तर आलं नाही तर दुसरा मेसेज नको, घरी जा. दारात शेजारी बसलेले असतील तर पाण्याचा तांब्या येईपर्यंत इकडचं-तिकडचं बोला, आणि पट्टी आत गेल्यावर बघा.