दोर किती झटका सोसेल? विहिरीतल्या बादलीच्या गणितात या चुका टाळा

वैशाखात विहिरी आटल्या की यवतमाळ, वाशीमकडच्या गावांत गाळ काढायची कामं निघतात. खाली दोघं बादली भरतात आणि वर दोघं-तिघं कप्पीवरून दोर ओढतात. अकरावीच्या भौतिकशास्त्रात "दोर न तुटता बादली जास्तीत जास्त किती त्वरणाने वर नेता येईल?" असं विचारतात, ते याच कामाचं गणित आहे. सूत्र ओळभराचं असूनही दर वर्षी पोरं त्याच त्याच ठिकाणी घसरतात.

एक उदाहरण घेऊ. गाळाने भरलेली बादली २४ किलोग्रॅमची आहे आणि दोर जास्तीत जास्त ३०० न्यूटन ताण सोसतो. g = ९.८ धरू.

बहुतेकांचं पहिलं उत्तर असतं, "३०० भागिले २४, साडेबारा. झालं नं सर!" नाही झालं. दोराचा ताण आधी बादलीचं वजन तोलण्यात खर्च होतो, आणि उरेल तेवढाच तिला वेग द्यायला कामी येतो. बादलीवर बलं दोन आहेत : वर ताण T आणि खाली वजन mg. म्हणून

T − mg = ma

वजन २४ × ९.८ = २३५.२ न्यूटन. ३०० मधून ते वजा केलं की उरले ६४.८, आणि त्यांना २४ ने भागलं की त्वरण २.७ मीटर प्रति सेकंद वर्ग. साडेबारा आणि २.७ यांच्यातला फरक बरोबर ९.८ आहे. तुमचं उत्तर छापील उत्तरापेक्षा नेमकं ९.८ ने जास्त आलं, तर वजन विसरलात हे समजून जा. बाकी काही तपासायची गरज नाही.

दुसरी चूक किलोची. बाजारात दोर घेताना कोणी न्यूटन सांगत नाही, "तीस किलो पेलते" असंच सांगतात. मग ३० वजा २४ म्हणजे ६, भागिले २४, उत्तर ०.२५. पद्धत चुकीची नाही, पण हे ०.२५ म्हणजे g चा पाव हिस्सा आहे. मीटर प्रति सेकंद वर्गात आणायला त्याला ९.८ ने गुणावं लागतं, तेव्हा २.४५ येतं. उत्तर सुमारे दहा पट लहान दिसलं तर घोळ इथेच आहे.

आता सगळ्यात फसवी गोष्ट, जी सूत्र पाठ असलेल्यालाही चकवते. ताण वेगावर अवलंबून नसतो, वेग किती झपाट्याने बदलतो त्यावर असतो. बादली एकसारख्या वेगाने वर येत असेल तर ती हळू येवो की जोरात, ताण २३५.२ न्यूटनच राहतो. काठाजवळ आल्यावर ओढणारे हात सैल सोडतात आणि बादलीचा वेग कमी होतो, तेव्हा तर ताण वजनापेक्षाही कमी असतो. दोराला धोका सुरुवातीच्या हिसक्याचा.

धोक्याची दुसरी जागा पोरांच्या ध्यानातच येत नाही : बादली खाली सोडताना. समजा भरलेली बादली काठाजवळून हातातून निसटली, ३ मीटर प्रति सेकंद वेगाने खाली चालली आणि कोणीतरी दोर गच्च धरला. बादली खाली जात आहे, मग a ची दिशा खाली आणि ताण कमी, असं वहीत लिहिलेलं असतं. पण खाली जाण्याचा वेग कमी होतोय, म्हणजे त्वरण वर आहे. गतीची दिशा आणि त्वरणाची दिशा वेगळी असू शकते, हे इथे पक्कं करून घ्या.

आकडे पाहा. बादली फूटभर अंतरात, म्हणजे ०.३ मीटरमध्ये थांबली, तर त्वरण ९ भागिले ०.६ म्हणजे १५. ताण २४ × (९.८ + १५) = ५९५ न्यूटन. ३०० चा दोर तुटलाच. तोच दोर हातातून थोडा थोडा सरकू देत बादली पावणेदोन मीटरमध्ये थांबवली तर त्वरण २.६ च्या आसपास येतं आणि दोर जेमतेम टिकतो. जुनी माणसं वरून ओरडतात, "एकदम नको धरू बापा, धरून धरून सोड!" ते हेच गणित सांगत असतात.

"दोघं ओढले तर दोरावरचा भार अर्धा होते नं?" हाही नेहमीचा प्रश्न. नाही होत. दोघं मिळून ओढत असले तरी बादलीकडचा दोर एकच आहे आणि त्यातला ताण बादलीचं वस्तुमान आणि त्वरण ठरवतात. श्रम वाटले जातात, ताण नाही. उलट दोघांचा जोर एकाच वेळी लागला तर त्वरण वाढून दोर लवकर तुटेल.

पुस्तकात दोर वजनविरहित असतो. नायलॉनच्या बारीक दोरासाठी ते चालून जातं. पण पूर्वी शेतावर असायचा तसा जाड अंबाडीचा दोर घ्या, भिजलेला आणि आतून कुजत आलेला. तो मीटरला पाव किलो भरतो असं धरू. १२ मीटर खोल विहिरीत लोंबता दोर झाला ३ किलो. कप्पीपाशी दोराचा जो भाग आहे त्याला बादलीबरोबर हा दोरही ओढावा लागतो, म्हणजे एकूण २७ किलो. ३०० भागिले २७, वजा ९.८ : उत्तर १.३. आधीच्या २.७ च्या निम्मंही नाही! फक्त ३ किलोने एवढा फरक का पडला? कारण वजन तोलून उरणारं बल मुळातच थोडं होतं. आता वजनाने त्यातलं आणखी खाल्लं, आणि राहिलं ते जास्त वस्तुमानात वाटावं लागलं.

यातही एक बारकावा आहे. बादली वर येते तसा लोंबता दोर आखूड होतो. ६ मीटर उरला की एकूण साडेपंचवीस किलो, आणि मर्यादा वाढून जवळजवळ २ होते. म्हणजे दोर सगळ्यात नाजूक असतो तो बादली तळाशी असताना, आणि हिसकाही नेमका तेव्हाच बसतो. एकसारखा दोर अशा वेळी वर कप्पीजवळ तुटायला हवा. तो बादलीच्या कडीपाशी तुटला असेल तर ताणाचं गणित पुन्हा करत बसू नका, गाठ बघा. गाठीत पिळवटलेला दोर बाकीच्या दोराएवढा मजबूत राहत नाही.

एक पडताळा सांगतो, परीक्षेत कोणी मागत नसला तरी. वजनविरहित दोर आणि २.७ चं त्वरण पूर्ण १२ मीटर टिकवलं तर बादली ३ सेकंदांत काठावर येईल, पण ८ मीटर प्रति सेकंद वेगाने, म्हणजे ताशी २९ किलोमीटर. ती धरायला कोण उभा राहील? २.७ ही दोराची मर्यादा आहे, काम करायची रीत नव्हे.

शेवटी ऋण उत्तराचं. बादली दाबून भरून ३२ किलोची केली तर वजन ३१३.६ न्यूटन होतं आणि a येतो सुमारे उणे ०.४. पोरं घाबरून चिन्ह खोडतात आणि ०.४ लिहून मोकळी होतात. खोडू नका. त्या उण्याचा अर्थ असा की दोर ही बादली नुसती टांगूनही ठेवू शकत नाही. ती किमान ०.४ च्या त्वरणाने खाली जात असेल तरच तो शाबूत राहील. वर काढायची असेल तर खालच्याला हाक मारून आठ-दहा किलो गाळ कमी करायला सांगा.