बाहेरून आलेला लॅपटॉप चार्जर घ्यायला निघण्याआधीची तयारी

कोल्हापुरात राजारामपुरीत किंवा शाहूपुरीत सेकंडहँड लॅपटॉपचा चार्जर बघायला जाणार असाल, किंवा पाहुण्यांकडनं बाहेरच्या देशातला येणार असेल, तर घरातनं निघतानाच मोबाईलमध्ये भारतीय मानक ब्युरोचं, म्हणजे बीआयएसचं, बीआयएस केअर ॲप टाकून ठेवा, दुकानात उभं राहून नेट शोधत बसायला नको. दुसरं म्हणजे कॅमेरा झूम करून बघा नीट चालतोय का, कारण लेबलवरची अक्षरं तांदळापेक्षा बारीक असतात आणि काळ्यावर राखाडी छापलेली, टॉर्च तिरका मारला तरच उठून दिसतात. लेबलचा एक फोटो आणि वायरीच्या प्लगचा एक फोटो, असे दोन वेगवेगळे काढायचे. दोन का ते पुढं सांगतो.

आधी चार्जरचा ठोकळा हातात घ्या आणि इनपुटची ओळ वाचा. १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असेल तर आपल्या २३० वर चालतो. नुसतं १०० किंवा १२० असेल तर तिथंच खाली ठेवा, लावला की जळणार.

मग लेबलवरच्या देशोदेशीच्या खुणा. सीई म्हणजे युरोप, आणि ती बनवणारा बऱ्याचदा स्वतःच लावतो, त्यामुळं एकट्या सीईवर भरवसा ठेवू नका. काट मारलेली कचरापेटी पण युरोपचीच. चौकट तिरकी उभी केल्यासारख्या आकारात पीएसई म्हणजे जपान, केसी म्हणजे कोरिया, सीसीसी म्हणजे चीन, त्रिकोण-वर्तुळात बरोबरची खूण म्हणजे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड. चौकोनात चौकोन आणि रोमन सहाचा आकडा हे कुठल्या देशाचे नाहीत, पहिला म्हणजे डबल इन्सुलेशन, दुसरा वीज किती वाया जाते त्याची पातळी.

आपली खूण म्हणजे बीआयएसचं चिन्ह, सोबत आयएस नंबर (जुन्या अडॅप्टरवर बहुतेक १३२५२ पार्ट १) आणि R- च्या पुढं आठ आकडे. इथं एक घोळ होतो बघा. तैवानच्या खुणेखाली पण R असतो, पण त्याच्यामागं पाचच आकडे. दुकानदार बोट दाखवून "हे बघा की ओ दादा, आर नंबर आहे" म्हणाला तर आकडे मोजा. आठ असतील तर ॲपमध्ये Verify R-no. under CRS वर जाऊन टाका. नंबर निघाला एवढ्यावर खूश होऊ नका, ती नोंदणी ठराविक कारखाना, ब्रँड आणि मॉडेलची असते, म्हणून लेबलवरचं मॉडेल त्या यादीत आहे का ते अक्षर न् अक्षर जुळवा. नकली मालावर दुसऱ्याच कुणाचा तरी खरा नंबर छापलेला असतो, तो इथंच उघडा पडतो.

आता वायर, हे लोक कधीच बघत नाहीत. मोठ्या कंपन्या एकच ठोकळा जगभर विकतात म्हणून त्यावर पंधरा-वीस खुणा एकत्र असतात, त्यावरनं तो कुठं विकायची परवानगी होती तेवढं कळतं, पण हा पीस खरंच कुठल्या देशात विकायला निघाला होता हे वायर सांगते. समजा ठोकळ्यावर आपला R नंबर आहे, ॲपमध्ये मॉडेल पण जुळलं, इनपुट १००-२४०. पण वायरीचा प्लग दोन चपट्या पट्ट्यांचा, त्यावर पीएसई आणि "7A 125V" असं कोरलेलं. म्हणजे सेट जपानच्या बाजारातला. दुकानदार त्याला कन्व्हर्टर पिन लावून देणार, लॅपटॉप चार्ज पण होणार, आणि सगळ्यांना वाटणार झालं काम. पण त्या प्लगचं रेटिंग १२५ व्होल्टचं आहे आणि आपण त्यात २३० सोडतोय रोज. शिवाय कन्व्हर्टर सैल बसला की ठिणग्या, प्लग गरम.

म्हणून अशा वेळी ठोकळा ठेवा आणि वायर बदला. ठोकळ्याचं तोंड तीन पाकळ्यांचं आहे का आठच्या आकड्यासारखं ते फोटोत घेऊन लक्ष्मीपुरीत इलेक्ट्रिकच्या दुकानात दाखवा. नवीन वायरीच्या प्लगवर आयएसआय, आयएस १२९३ आणि CM/L ने सुरू होणारा नंबर बघा, तो पण त्याच ॲपमध्ये तपासता येतो, फक्त Verify License Details मध्ये.

आणि ठोकळ्यावर आपली खूणच नसेल, बाकी सगळ्या देशांच्या आहेत? पाहुण्यांनी स्वतःच्या वापराला आणलेला चांगल्या कंपनीचा असेल तर वायर बदलून वापरायला माझी ना नाही. पण दुकानदार तोच नवा म्हणून विकत असेल तर पैसे देऊ नका, भारतात विकायला त्याची नोंदणीच झालेली नाही.